तांबट आळीचं फुटेज आणि दहा वर्षं जुना लॅपटॉप

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीवर माहितीपट करायचा, असं पत्रकारितेच्या दोन विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे असं समजू. कॉलेजचा कॅमेरा मिळाला, त्यावर मुलाखती आणि मठारकाम मिळून चार तासांचं फोर-के चित्रीकरण झालं. गल्लीतली ये-जा, चहाची टपरी, हातांचे जवळचे शॉट्स फोनवर घेतले. घरी येऊन फाइल उघडली, तर चित्र दोन सेकंद चालतं, थांबतं, आवाज पुढे निघून जातो. लॅपटॉप ताईचा जुना, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, 8 जीबी रॅमचा.

लॅपटॉप बिघडलेला नाही. त्याला दिलेलं काम अवघड आहे. कॅमेरा सेकंदाला 25 चित्रं टिपतो, पण ती सगळी पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एखादं चित्र संपूर्ण असतं, मधल्या चित्रांसाठी फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदललं ते नोंदवलेलं असतं. त्यामुळे फाइल आटोपशीर राहते, पण क्लिपच्या मध्येच बोट ठेवलं की संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून हिशेब करत यावं लागतं. संकलक तर दिवसभर तेच करतो: मागे जा, पुढे जा, परत बघ. फोनच्या एचईव्हीसी फाइलींचं ओझं आणखी जास्त, कारण इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या चिपांमध्ये हा प्रकार पूर्णपणे उलगडणारी यंत्रणाच नव्हती. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो.

यावर उपाय प्रॉक्सीचा. प्रत्येक मूळ क्लिपची एक हलकी प्रत बनवायची, संकलन त्या प्रतीवर करायचं आणि शेवटी चित्रपट मूळ फाइलींतून बाहेर काढायचा. फोर-केच्या एका चित्रात सुमारे 83 लाख बिंदू असतात, 960 बाय 540च्या प्रतीत जेमतेम सव्वापाच लाख. म्हणजे सोळावा हिस्सा. शिवाय प्रतीतलं प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण ठेवलं, की मागे जाऊन हिशेब करण्याचं कामच उरत नाही. त्यासाठी मोशन जेपेग हा जुना, साधा प्रकार उत्तम.

प्रॉक्सी बनवण्याआधी दोन गोष्टी उरकायला हव्यात, आणि घाईत नेमक्या त्याच राहून जातात.

पहिली, नावं. बरेच कॅमेरे नव्या कार्डावर पुन्हा C0001 पासून मोजायला लागतात, त्यामुळे दोन दिवसांच्या चित्रीकरणात एकाच नावाच्या दोन फाइली सहज सापडतात. दिवस आणि कॅमेरा कळेल असं नाव आत्ताच द्यावं, उदाहरणार्थ D1_CAM_0001. एकदा संकलन सुरू झालं की मूळ फाइलींच्या नावाला हात लावायचा नाही. मूळ फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर. सेकंदाला 100 मेगाबिटने टिपलेलं चार तासांचं फुटेज 180 जीबी होतं, ते लॅपटॉपच्या डिस्कवर कोंबण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट फोनच्या क्लिपांची. कॅमेरा सेकंदाला ठरलेली चित्रं टिपतो. फोन मात्र प्रकाश कमी झाला किंवा गरम झाला की वेग थोडा बदलतो. अशा क्लिपची प्रत ठरावीक वेगाची बनली आणि मूळ फाइल बदलत्या वेगाची राहिली, तर प्रतीवर केलेला कट मूळ फाइलीत भलत्याच चित्रावर पडू शकतो. तांबट आळीत हे लपत नाही: हातोडी भांड्यावर पडते आणि ठण् आवाज किंचित उशिरा येतो. क्लिपच्या सुरुवातीला सगळं जुळलेलं आणि पाच मिनिटांनी सुटलेलं दिसलं, की समजावं वेग बदलता आहे. बघण्याआधीच खात्री करायची असेल, तर मोफत मिळणाऱ्या एफएफएमपेगबरोबर येणारी ही आज्ञा द्यावी:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate D1_PH_0001.mp4
```

उत्तरातले दोन आकडे स्पष्टपणे वेगळे असतील तर ती क्लिप आधी ठरावीक वेगाची करून घ्यावी:

```
ffmpeg -i D1_PH_0001.mp4 -vf scale=-2:1080 -r 25 -c:v libx264 -crf 18 -preset veryfast -c:a aac -b:a 256k D1_PH_0001_cfr.mp4
```

यात क्लिप 1080 ओळींची होते. चित्रपट त्याच आकारात दाखवायचा असेल तर काही बिघडत नाही, मात्र नंतर त्या शॉटमध्ये शिरून चित्र मोठं करायला फारशी जागा उरत नाही. फोन 30 चित्रांवर चालवला असेल तर 25वर आणताना कॅमेरा फिरवलेले शॉट्स किंचित झटके देतील. चित्रीकरणाआधीच फोन 25वर लावणं हाच त्यावरचा खरा इलाज. इथून पुढे ही नवी फाइलच मूळ मानायची.

आता Kdenlive उघडायचं. हे मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि प्रॉक्सीची अदलाबदल स्वतःच सांभाळतं. प्रोजेक्ट 1080 ओळींचा, 25 चित्रांचा ठरवावा. मग Project Settings मधल्या Proxy या भागात प्रॉक्सी चालू करावी, रुंदी 960 द्यावी आणि मोशन जेपेगचा पर्याय निवडावा. तिथेच प्रोजेक्टचा फोल्डरही ठरवावा. नाहीतर प्रती मुख्य ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरात जमत जातात आणि एके दिवशी डिस्क भरल्याची सूचना येते.

सगळं फुटेज एकदम ओतू नये. आधी एक मिनिटाची क्लिप घालून घड्याळ लावावं. समजा प्रत बनायला अडीच मिनिटं लागली, तर चार तासांना दहा तास लागतील. म्हणजे एक रात्र. लॅपटॉप आपोआप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करून तो गादीवर नाही, टेबलावर ठेवावा, कारण तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. त्याच एका मिनिटाच्या प्रतीचा आकार बघून एकूण किती जागा लागेल तेही कळतं. प्रत तयार झाली की क्लिपच्या चित्रावर P हे अक्षर दिसतं. ते नसलेली क्लिप टाइमलाइनवर घेतली, की लॅपटॉप पुन्हा अडखळलाच.

संकलनाचा क्रम शक्य तितका साधा असावा. मुलाखती आधी नुसत्या ऐकाव्यात आणि कामाची वाक्यं वेळेसकट वहीत लिहून काढावीत. याला संगणकाची ताकद लागत नाही, आणि माहितीपटाचा अर्धा निर्णय इथेच होतो. त्या यादीवरून फक्त बोलण्याचा सांगाडा रचावा, मग त्यावर हातोड्या, भट्टी, गल्ली चढवावी. टाइमलाइनवर दिसणारी छोटी चित्रं बंद ठेवावीत. ध्वनीची नक्षी मात्र चालू हवी, मुलाखत कापताना डोळ्यांना तीच दिसायला हवी. रंग सुधारणं, थरथर काढणं हे सगळं कट पक्का झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात रंगांत रमणारे विद्यार्थी पुष्कळ, आणि त्यांनी रंगवलेले निम्मे शॉट्स नंतर चित्रपटातून गळतात.

प्रॉक्सीची एक फसवणूक माहीत असावी. 540 ओळींत किंचित धूसर शॉटही नेटका दिसतो. कारागिराच्या डोळ्यांऐवजी फोकस मागच्या हंड्यावर गेला असेल तर ते प्रतीत कळतच नाही, अंधाऱ्या खोलीतले रंगीत दाणेही झाकले जातात. म्हणून कट पक्का करण्याआधी बाहेरची डिस्क जोडावी, निवडलेल्या प्रत्येक शॉटची प्रॉक्सी बंद करावी आणि मूळ चित्र एकदा थांबवून, मोठं करून पाहावं. मूळ क्लिप सुरळीत चालणार नाही, पण स्थिर चित्र बघायला ती चालायची गरजही नसते.

शेवटी रेंडर. रेंडरच्या खिडकीत प्रॉक्सी वापरून रेंडर करण्याचा पर्याय असतो. मार्गदर्शकांना कच्चा कट दाखवायचा असेल तेव्हा तो लावावा, काम चटकन होतं. अंतिम प्रतीच्या वेळी तो काढलेला हवा आणि मूळ फुटेजची डिस्क जोडलेली हवी. तरी आधी पूर्ण चित्रपट काढू नये. बारीक नक्षीकामाचा एखादा शॉट असलेली वीस सेकंदं काढावीत. तांब्यावरच्या मठाराच्या खुणा टोकदार दिसल्या तर मूळ फाइली वापरल्या गेल्या, मऊ आणि पुसट दिसल्या तर चित्रपट अजून प्रतींवरच उभा आहे. मग रात्रभराचं रेंडर सुरू करावं. चित्रपट जमा झाल्यावर प्रती खुशाल पुसून टाकाव्यात, त्या पुन्हा बनवता येतात. प्रोजेक्टची फाइल मात्र मूळ फुटेजबरोबर दोन्ही डिस्कवर ठेवावी.