आधी भोवरा पाहा, मग वस्तरा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी तंजावरला मामाकडे गेलो तेव्हा माझ्या गळ्याची अवस्था वाईट होती. अकरावीपासून मी रोज दाढी करतो, कारण सकाळच्या फॉलइनला गालावर खुंट दिसलेला चालत नाही. पण वर्षभरात गळ्यावर लाल पुटकुळ्या उठल्या होत्या आणि शर्टाची कॉलर घासली की आग व्हायची. त्यात मे महिन्यातलं तंजावर. तिथे त्या दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात, आणि घाम मानेवरून सुकतच नाही. मामाने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला राजवाड्याजवळच्या त्याच्या नेहमीच्या न्हाव्याकडे नेलं.

ते पन्नाशीचे गृहस्थ. मामा त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून मीही म्हणालो. ते तमिळमध्ये बोलत होते आणि मामा मला मराठीत सांगत होता. मी खुर्चीत बसलो, पण अण्णांनी ना पाणी मारलं, ना वस्तरा उघडला. माझा चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवून ते म्हणाले, "तंबी, तू गळ्याची दाढी खालून वर करतोस. दोन्ही बाजूंनी." मी चकित झालो. त्यांना कसं कळलं, हेच मला या लेखात सांगायचं आहे, कारण आमच्या हाउसमध्ये निम्म्या मुलांच्या गळ्यावर तेच लिहिलेलं आहे.

केस त्वचेतून सरळ उभा येत नाही, तिरका येतो. तो ज्या बाजूला झुकतो ती त्याची दिशा. गालावर ती बहुतेकांची खाली असते, म्हणून गालाची दाढी करताना आपण सहसा चुकत नाही. गळ्यावर मात्र काही नेम नाही. वरचा भाग खाली वाढतो, कॉलरजवळचा पुष्कळदा वर वाढतो, आणि बाजूंचे केस मानेकडे आडवे जातात. या दिशा जिथे एकमेकींना भेटतात तिथे दोनपैकी एक गोष्ट होते. कधी केस एका बिंदूभोवती गोल फिरून बाहेर पसरतात, डोक्यावर असतो तसा भोवरा. कधी दोन्हीकडचे केस समोरासमोर येऊन एक रेघ तयार होते. तिला मी शिवण म्हणतो. अण्णा भोवऱ्याला सुळी म्हणत होते.

सुळी शब्द ऐकून मामाला घोडे आठवले. सरस्वती महाल ग्रंथालयाने 1952 साली नकुलाच्या नावावर असलेलं अश्वशास्त्र छापलं आहे. जुन्या अश्वपरीक्षेत घोड्याच्या अंगावरचा भोवरा कुठे आहे यावरून तो शुभ की अशुभ ठरवत. शुभाशुभाचं सोडून द्या, पण आजही घोड्याच्या ओळखपत्रावर भोवऱ्यांच्या जागा नोंदवतात, कारण त्या जन्मभर बदलत नाहीत. आपलंही तसंच आहे. केसांची मुळं आईच्या पोटातच तिरकी बसलेली असतात. 2004 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की फ्रिझल्ड-6 नावाचं एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या अंगावर भलत्याच ठिकाणी भोवरे उठतात. उलटी दाढी केल्याने केस उलटे वळतात, किंवा सरळ करत राहिलं की भोवरा मोडतो, असं आपल्याकडे म्हणतात. दोन्ही खोटं.

आता माझ्या गळ्याचं. अण्णांनी मला तीन दिवस दाढी न करता परत बोलावलं. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे तीन दिवसांत मिलिमीटरभर. एक दिवसाचा खुंट इतका आखूड असतो की बोटाला दिशा कळत नाही. आणि आठ-दहा दिवसांत टोकं उशीने, घामाने, हाताच्या चाळ्याने वळतात आणि फसवतात. दाढी लांब असलीच तर टोकाकडे पाहू नये. कंगव्याने केस बाजूला करून तो त्वचेतून कुठल्या अंगाने बाहेर पडतो ते पाहावं.

पाहणं कोरड्या चेहऱ्यावरच होतं. पाणी किंवा तेल लागलं की केस आडवे पडतात. उजेड समोरून नको, खिडकीतून बाजूने यावा, म्हणजे खुंटाची सावली पडते. मग कापसाचा छोटा बोळा घेऊन एकेका जागेवरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हलकेच फिरवायचा. जिकडे तो सहज घसरतो ती केसाची दिशा. जिकडे तंतू अडकून राहतात ती उलटी. जिथे चारही बाजूंनी फिरवला तरी कुठे ना कुठे अडकतोच, तिथे भोवरा किंवा शिवण आहे असं समजावं. मान जशी दाढी करताना धरतो तशीच धरायची, कारण मान वर केली की गळ्याची त्वचा चांगली दोन बोटं सरकते आणि आपण खूण भलतीकडे करतो. मामाने पाठकोऱ्या कागदावर चेहरा काढला आणि अण्णा सांगतील तसे बाण मारत गेला.

माझा नकाशा असा निघाला. दोन्ही गाल खाली. फक्त डाव्या जबड्याच्या कोपऱ्यापाशी केस कानाकडे मागे जातात. उजव्या गळ्यावर जबड्याच्या तीन बोटं खाली भोवरा, घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा. डावीकडे भोवरा नाही, पण जबड्याच्या दोन बोटं खाली आडवी शिवण आहे. तिच्या वरचे केस खाली वाढतात, खालचे वर.

आता पुटकुळ्या पाहा. उजवीकडे त्या भोवऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात होत्या, अर्धचंद्रासारख्या. भोवऱ्यातले केस मध्यापासून बाहेर पसरतात. म्हणजे मध्याच्या वरचे साधारण वर आणि खालचे साधारण खाली पाहतात. मी खालून वर वस्तरा ओढत होतो, त्यामुळे वरचा अर्धा सुलटा कापला जात होता आणि खालचा अर्धा उलटा. डावीकडे पुटकुळ्यांचा पट्टा शिवण आणि जबडा यांच्या मधोमध होता, कारण तिथले केस खाली वाढतात आणि मी वर जात होतो. शिवणीखालची त्वचा स्वच्छ होती. अण्णांनी पुटकुळ्यांवरून माझा हात वाचला होता.

उलटं कापल्याने पुटकुळी का येते तेही सांगतो. उलटं पातं केसाला उचलून धरतं आणि खूप खाली कापतं. आपण गळ्याची कातडी ताणून धरलेली असते, ती सोडली की कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. तिरकं कापलेलं ते टोक सुईसारखं असतं. वाढताना ते बाहेर न येता आतल्या आत बाजूला घुसतं, आणि शरीर त्याला काट्यासारखं वागवतं. कुरळ्या केसांच्या मुलांना हा त्रास जास्त, कारण बाहेर आलेला केसही वळून परत त्वचेत शिरतो. नखाने पुटकुळी फोडून केस उपटणं हा आमच्या हाउसमधला लाडका उद्योग. त्याने पुढचा केस पुन्हा आतच अडकायची शक्यता वाढते, शिवाय डाग राहतो.

त्या दिवशी अण्णांनी माझ्या गळ्याला वस्तरा लावलाच नाही. कंगवा न लावता मशीन फिरवलं, म्हणजे खुंट थोडा राहतो आणि आत जात नाही. तीन आठवडे एवढंच करायचं ठरलं. सुट्टी होती म्हणून जमलं. शाळा चालू असती तर एमआय रूममधून दाढीची सूट लिहून घ्यावी लागली असती. ज्याच्या पुटकुळ्यांत पू आहे त्याने तरी तिकडेच जावं, न्हाव्याकडे नाही.

माझ्या मामेभावाची गोष्ट वेगळी. तो कॉलेजात आहे आणि छाटलेली दाढी ठेवतो. त्याने घरीच 3 मिलिमीटरचा कंगवा लावून मशीन सगळीकडे खालून वर फिरवलं, तर गालाखाली एक फिकट कोर उमटली. दाढीला भोक पडलं म्हणून तो घाबरला होता. अण्णांनी बोट फिरवलं, खुंट सगळीकडे होते. ही चाई नव्हती. चाई पडली की जागा गोल आणि गुळगुळीत होते, आणि ती डॉक्टरला दाखवावी. हा भोवरा होता. मशीन उलट्या दिशेने गेलं की कंगवा केस उभे करतो आणि ते पूर्ण 3 मिलिमीटरवर कापले जातात. सुलट्या दिशेने गेलं की केस कंगव्याखाली आडवे सुटतात आणि लांब राहतात. त्यामुळे एकाच कंगव्याने भोवऱ्याचा अर्धा भाग आखूड झाला आणि अर्धा लांब. उपाय म्हणजे थांबणं. आठवड्यात अडीच-तीन मिलिमीटर भरून येतात. मग अण्णांनी आधी 9 चा, मग 6 चा कंगवा लावून सुलट्या दिशेनेच छाटलं. भोवऱ्यापाशी मशीन सरळ ओढलं नाही. मध्यापासून बाहेर, फिरत्या अंगाने, दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे घेतले. आधीच आखूड कापलं असतं तर सुधारायला काही उरलं नसतं.

शाळेत परत आल्यावर माझा क्रम असा आहे. आंघोळीनंतर फेस लावतो, कातडी ताणत नाही. पहिला हात नकाशातल्या बाणाप्रमाणे. उजव्या भोवऱ्यावर मध्यापासून बाहेर चार-पाच छोटे हात. डावीकडे वरून शिवणीपर्यंत खाली, खालून शिवणीपर्यंत वर, आणि शिवण ओलांडायची नाही. दुसरा हात लागलाच तर आडवा. उलटा कधीच नाही. याला दीड मिनिट जास्त लागतं, आणि खरं सांगायचं तर भोवऱ्यावर हात फिरवला की अजून किंचित खरखर लागते. पण इन्स्पेक्शन डोळ्यांनी होतं. गेल्या सत्रात माझ्या दाढीवर एकदाही शेरा आला नाही, आणि कॉलर घासून आग होणंही बंद झालं.

नकाशा लॉकरच्या दाराला आतून चिकटवला आहे. डाव्या कानाखाली जिथे मागच्या वर्षी केसच नव्हते तिथे आता नवे आले आहेत, म्हणून दिवाळीत दोन बाण वाढवले. तो पाहून दहावीतल्या दोघांनी स्वतःचे नकाशे काढले. एकाला दोन्ही बाजूंना भोवरे सापडले. दुसऱ्याला एकही नाही, आणि तो त्यावर जरा नाराजच झाला.