मोठी ऑर्डर आणि क्यूआर कोड

लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करून दुकानदाराला मोठी ऑर्डर देणे, हा फोनवरच्या फसवणुकीचा मुरलेला प्रकार आहे. एका मिठाईवाल्याच्या बाबतीत तो जवळजवळ साधला होता. फोनवरच्या माणसाने वीस किलो पेढे सांगितले, भावात अजिबात घासाघीस केली नाही (खरे तर संशय इथेच यायला हवा) आणि आगाऊ पैसे देण्यासाठी म्हणून व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करताच पडद्यावर आठ हजारांची रक्कम दिसली आणि यूपीआय पिन मागितला गेला. मिठाईवाल्याचा हात थांबला. दिवसभर गिऱ्हाइकांचे पैसे जमा होताना त्याला कधीच पिन टाकावा लागत नव्हता. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. तो टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

त्यानंतर त्याने कॉल अडवणारे ॲप घेतले. असे ॲप येणारा नंबर इतरांनी तक्रार केलेल्या नंबरांच्या यादीशी ताडून पाहते. नवे सिम त्या यादीत नसते, म्हणून ते ॲपच्या नजरेतून सुटते. सगळेच अनोळखी नंबर अडवले, तर नवे गिऱ्हाईकही तुटते. मिठाईवाल्याने म्हणून फक्त संशयित नंबर अडवण्याची सोय निवडली. ॲपने मागितलेली संपर्कयादीची परवानगी मात्र विचार करूनच द्यावी, कारण तीत दुसऱ्यांचेही नंबर असतात.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करावा.