रेग्युलर की डायरेक्ट? तुमच्याच स्टेटमेंटवरून सात वर्षांचा फरक असा काढा

व्हिडिओत आकडे भराभर पुढे गेले, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा.

दुकानात माल घेताना आपण वाहतूक, हमाली, तूट सगळं धरून पडता काढतो. पण धंद्यातून बाजूला काढलेले पैसे म्युच्युअल फंडात टाकले की तिथला पडता मात्र कोणी काढत नाही. कारण तिथे बिल येत नाही. खर्च रोज थोडा-थोडा एनएव्हीतूनच वजा होतो आणि आपल्याला उरलेला भाव दिसतो.

एकाच योजनेचे दोन प्लॅन असतात. वितरकामार्फत घेतलेला तो रेग्युलर. थेट फंड कंपनीकडून घेतलेला तो डायरेक्ट. शेअर तेच, फंड मॅनेजर तोच. डायरेक्टमध्ये वितरकाचं कमिशन नसतं, म्हणून त्याचा खर्च कमी. सेबीच्या आदेशाने 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंड कंपनीला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो.

आधी स्टेटमेंट मागवा

कॅम्स किंवा केफिनटेकच्या वेबसाइटवर एकत्रित स्टेटमेंट मागवता येतं. त्यात `Detailed` हा प्रकार निवडा आणि कालावधी पहिल्या गुंतवणुकीपासूनचा टाका. नुसता गोषवारा मागवला तर प्रत्येक खरेदीची तारीख मिळत नाही आणि हिशोब तिथेच अडतो. पीडीएफ ईमेलवर येते, ती तुम्हीच दिलेल्या पासवर्डने उघडते.

आता योजनेचं नाव बघा. नावात `Direct` हा शब्द नसेल तर तुमचा प्लॅन रेग्युलर आहे. जुन्या योजनांच्या नावात `Regular` लिहिलेलं असेलच असं नाही, त्यामुळे तो शब्द शोधत बसू नका. जवळच `ARN` ने सुरू होणारा नंबर दिसेल, तो वितरकाचा.

फरक मोजायचा कसा?

समजा, श्रीरामपूरच्या एका हार्डवेअर दुकानदाराने मार्च 2018 मध्ये एका इक्विटी फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये 1,00,000 रुपये टाकले. हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मी धरलेले आहेत. त्या दिवशी एनएव्ही 50 रुपये होती, म्हणून 2,000 युनिट मिळाले. मार्च 2025 मध्ये एनएव्ही 120 झाली. आजची किंमत 2,40,000. दुकानदार खूश, आणि खूश व्हायला हरकतही नाही.

आता त्याच दोन तारखांची डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही हवी. ती अँफीच्या वेबसाइटवर `NAV History` मध्ये मिळते. ग्रोथ असेल तर ग्रोथच घ्या, लाभांशाच्या पर्यायाशी गल्लत करू नका. समजा, तिथे 2018 ला 52 आणि 2025 ला 132.60 मिळाली.

इथे बरेच जण चुकतात. 132.60 मधून 120 वजा करतात, 12.60 ला 2,000 युनिटने गुणतात आणि म्हणतात, माझे 25,200 गेले! हे चूक आहे. डायरेक्टची एनएव्ही 52 असताना त्याला 2,000 युनिट मिळालेच नसते, 1,923 च मिळाले असते. तुम्ही येण्याआधी दोन प्लॅनमध्ये पडलेलं अंतर तुमच्या नावावर लावायचं नाही.

म्हणून दोन्ही तारखांना डायरेक्टच्या एनएव्हीला रेग्युलरच्या एनएव्हीने भागा. तेव्हा 52 भागिले 50, म्हणजे 1.04. आता 132.60 भागिले 120, म्हणजे 1.105. मग आताच्या आकड्याला तेव्हाच्या आकड्याने भागा. एक्सेलमध्ये असं:

```
=(132.60/120)/(52/50)
=1.0625^(1/7)-1
```

पहिल्या ओळीचं उत्तर 1.0625. म्हणजे डायरेक्टमध्ये आज 2,40,000 गुणिले 1.0625, म्हणजे 2,55,000 असते. सात वर्षांचा फरक 15,000 रुपये. दुसऱ्या ओळीचं उत्तर वर्षाला साधारण 0.87 टक्के. सुरुवातीला टाकलेल्या लाखाच्या तुलनेत हा फरक 15 टक्के झाला, कारण खर्च मुदलावर नाही, वाढत्या रकमेवर लागत राहतो.

एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याला एक ओळ करा आणि त्या हप्त्याच्या तारखेचा भागाकार वापरा. जुन्या हप्त्यात फरक मोठा दिसेल, गेल्या वर्षीच्या हप्त्यात नगण्य. मधे पैसे काढले असतील तर सर्वांत जुने युनिट आधी गेले असं धरा. खरेदी 2013 च्या आधीची असेल तर हिशोब डायरेक्टच्या पहिल्या एनएव्हीपासून सुरू करा.

उत्तर बरोबर आलं का?

पडताळणी स्टेटमेंटमध्येच आहे. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती कमिशन दिलं ते रुपयांत छापलेलं असतं. योजनेचा सरासरी खर्चही टक्क्यांत असतो. आपल्या उदाहरणात चौदा सहामाहींची बेरीज साधारण 9,700 येईल. मग 15,000 कुठून आले? तेव्हा गेलेला रुपया आत राहिला असता तर तोही वाढला असता, तो हा फरक. म्हणून कमिशनची बेरीज तुमच्या आकड्यापेक्षा कमी यायला हवी. ती जास्त आली, तर तारीख किंवा प्लॅन निवडताना काहीतरी चुकलंय.

लगेच बदलायचं का?

थांबा. त्याच योजनेत रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हीसुद्धा कराच्या दृष्टीने विक्रीच. नुकत्याच घेतलेल्या युनिटवर एक्झिट लोड लागू शकतो, आणि ईएलएसएसमध्ये तीन वर्षं हात लावता येत नाही. इक्विटी फंडात वर्षभरापेक्षा जुन्या युनिटवर, आर्थिक वर्षात 1.25 लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यावर 12.5 टक्के आणि सेस.

आपल्या दुकानदाराचा नफा 1,40,000. एकदम बदललं तर 15,000 वर कर, सेससह 1,950 रुपये. अर्धे युनिट मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये बदलले तर दोन आर्थिक वर्षं मिळतात, आणि इतर शेअर-फंडांचा नफा नसेल तर कर शून्य. डेट फंडाचे नियम वेगळे आहेत, तिथे सीएला विचारा. आणि एसआयपी चालू असेल तर ती वेगळी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करावी लागते, नाहीतर पुढचे हप्ते रेग्युलरमध्येच जात राहतात.

शेवटचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा. बाजार पडला तेव्हा वितरकाने फोन करून तुम्हाला पैसे काढण्यापासून थांबवलं असेल, नॉमिनी, केवायसी, बँक बदलाची कामं केली असतील, तर ते 15,000 रुपये त्याची मजुरी आहे आणि ती कदाचित रास्तही आहे. पण फॉर्मवर सही घेतल्यानंतर सात वर्षांत त्याचं तोंडही दिसलं नसेल, तर तुम्ही न मिळालेल्या मालाचे पैसे भरताय.

आज एकच योजना घ्या, एकच खरेदी घ्या आणि चार एनएव्ही कागदावर उतरवा. उत्तर पाच मिनिटांत समोर असेल.