कॉन्ट्रॅक्ट नोट वाचताना

वसमतच्या मोंढ्यात हळद विकून आलेला शेतकरी पट्टी हातात पडताच आधी खालची बाकी पाहत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई असं एकेक कलम बोटाने लावत तो खाली येतो. हिंगोली जिल्ह्यात आता मोबाइलवर ऑप्शन घेणारी मुलंही बरीच आहेत. त्यांच्यातले अनेक जण ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट मात्र उघडतही नाहीत. ॲपवर हिरवा आकडा दिसला की काम झालं, असं त्यांना वाटतं. मला मात्र अशा नोटा वाचण्याचा नाद आहे. ओळखीच्यांकडे गेलो की मी त्या मागून घेतो.

सौदा झाल्यापासून चोवीस तासांत ब्रोकरला ही नोट पाठवावी लागते. वरच्या तक्त्यात ऑर्डर क्रमांक आणि ट्रेड क्रमांक वेगवेगळे असतात. एक ऑर्डर तीन तुकड्यांत पुरी झाली, तर ट्रेडच्या ओळी तीन दिसतात. सपाट दराचा ब्रोकर दलाली मात्र ऑर्डरमागे एकदाच घेतो. म्हणून ओळी मोजून दलाली ताडू नये, ऑर्डर क्रमांक मोजावेत.

एक सौदा उदाहरण म्हणून घेऊ. दर ऑगस्ट २०२५ मध्ये लागू असलेले धरले आहेत. निफ्टीचा २५,००० चा कॉल, एक लॉट म्हणजे ७५ नग, १२० रुपयांना घेतला आणि त्याच दिवशी १२४ ला विकला. प्रीमियमपोटी ९,००० गेले, ९,३०० आले. ॲप म्हणतं, नफा ३०० रुपये.

आता तळाकडे या. दलाली ऑर्डरमागे २० प्रमाणे ४० रुपये. एसटीटी फक्त विक्रीच्या प्रीमियमवर ०.१ टक्का, म्हणजे ९ रुपये ३० पैसे. एनएसईचा व्यवहार आकार दोन्ही बाजूंच्या प्रीमियमवर लाखाला ३५ रुपये ३ पैसे, म्हणून १८,३०० वर ६ रुपये ४१ पैसे. सेबीचं शुल्क दोन पैसे, खरेदीवरचं मुद्रांक शुल्क २७ पैसे. दलाली, व्यवहार आकार आणि सेबी शुल्क यांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी ८ रुपये ३६ पैसे. एकूण ६४ रुपये ३६ पैसे. हातात उरले २३५ रुपये ६४ पैसे. नोटेत एसटीटी आणि मुद्रांक शुल्क पूर्ण रुपयात धरतात, त्यामुळे थोडा फरक दिसेल.

यातली ४० रुपयांची ओळ सर्वांत बोलकी आहे. प्रीमियम १२० असो की ४, सपाट दलाली तेवढीच. चार रुपयांच्या ऑप्शनमध्ये जेमतेम ३०० रुपये गुंतलेले असतात. जीएसटी धरून ४७ रुपये दलालीतच गेले, तर भाव सोळा टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच असता. ‘स्वस्त’ ऑप्शन म्हणूनच मला महाग वाटतात.

माझा सर्वांत आवडता कोपरा एक्स्पायरीचा. ऑप्शन न विकता मुदत संपू दिली आणि तो नफ्यात असला, तर एसटीटी प्रीमियमवर लागत नाही. स्ट्राइकच्या पलीकडे निर्देशांक जितका गेला त्या फरकावर तो लागतो, ऑगस्ट २०२५ मध्ये ०.१२५ टक्का होता, आणि तो खरेदीदार भरतो. सप्टेंबर २०१९ पूर्वी मात्र हा कर निर्देशांकाच्या संपूर्ण किमतीवर होता. समजा ११,००० चा कॉल आहे आणि निर्देशांक ११,०१० वर बंद झाला. दहा रुपयांप्रमाणे ७५ नगांचे ७५० मिळायचे, आणि ८,२५,७५० वर एसटीटी सुमारे १,०३२ रुपये! दिशा बरोबर ओळखूनही खिशातून पैसे जायचे. म्हणून तेव्हाचे जाणकार शेवटच्या तासात असा ऑप्शन पडेल त्या भावाला विकून मोकळे होत. ऑगस्ट २०२५ च्या दराने याच सौद्यावर एक रुपयाही कर होत नव्हता.

दुसरी गोम शून्य झालेल्या ऑप्शनची. त्याला विक्रीची ओळच नसते, कारण कोणी विकलेलंच नसतं. प्रीमियम खरेदीच्या दिवशीच गेलेला असतो. फक्त खरेदी-विक्रीच्या जोड्या लावणाऱ्याच्या हिशेबातून नेमका हाच तोटा निसटतो. हिंगोलीच्या एका दुकानदाराने महिनाभराच्या नोटा माझ्यासमोर मांडल्या होत्या. त्याच्या वहीत नफा होता आणि लेजरची शिल्लक घटलेली. जोडी न जुळलेल्या खरेद्या शोधल्या आणि फरक तिथेच सापडला.

प्राप्तिकराचं थोडक्यात. शेअर बाजारातल्या ऑप्शनचा नफा हा सट्टाबाह्य व्यावसायिक उत्पन्न धरतात. दलाली, एसटीटी हे खर्च त्यातून वजा होतात. तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ तोट्यात होत्या. त्यामुळे कोणी नफा सांगितला की मी तीन कागद मागतो : नोटेतली निव्वळ देय-येय रक्कम, त्या दिवसाची लेजरमधली नोंद आणि वर्षअखेरचं करविषयक नफा-तोटा पत्रक. रोजच्या नोटेची रक्कम लेजरशी जुळली पाहिजे आणि वर्षाची बेरीज खर्च वजा जाता पत्रकाशी. जुळली नाही, तर आधी एक्स्पायरीच्या तारखा तपासाव्यात.