शब्द हाच पत्ता

स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने जगातल्या पहिल्या वेबसाइटची 1992 मधली प्रत अजून जपून ठेवली आहे. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, थोड्या निळ्या लिंक, चित्र एकही नाही. ‘वर्ल्ड वाइड वेब’ म्हणजे काय हे त्या पानावर जेमतेम एका वाक्यात सांगितलं आहे. कागदपत्रांच्या अफाट विश्वात सगळ्यांना प्रवेश मिळावा यासाठीचा हा उपक्रम, असा त्याचा आशय. आता समजा, एखाद्या शिक्षिकेला आपल्या विद्यार्थ्यांना नेमके तिथले दोन शब्द दाखवायचे आहेत, `universal access`. पानाची लिंक पाठवली तर मुलं पान उघडतील आणि शोधत बसतील. हे पान छोटं आहे म्हणून एक वेळ चालेल. चाळीस पानी शासन निर्णय किंवा विकिपीडियावरचा लांबलचक लेख असेल, तर ‘खाली जा, तिसऱ्या परिच्छेदात बघ’ हे फोनवर सांगावं लागतं, आणि समोरचा हमखास चौथा परिच्छेद वाचतो.

शिक्षिकेने पाठवायची लिंक अशी असेल:

```
http://info.cern.ch/hypertext/WWW/TheProject.html#:~:text=universal%20access
```

ती उघडली की ब्राउझर पान आणतो, त्यात हे दोन शब्द शोधतो, गरज पडल्यास तिथपर्यंत पान सरकवतो आणि ते शब्द रंगवून दाखवतो. याला टेक्स्ट फ्रॅगमेंट म्हणतात. क्रोममध्ये ही सोय 2020 च्या फेब्रुवारीत, आवृत्ती 80 मध्ये आली. सफारीने ती 2022 मध्ये घेतली आणि फायरफॉक्सने 2024 मध्ये. बहुतेकांनी ती नाव न कळताच वापरली आहे. गुगलवर प्रश्न विचारल्यावर सगळ्यात वर एक उतारा चौकटीत येतो. त्यावर क्लिक केलं की कित्येकदा मूळ पान थेट त्याच वाक्यावर उघडतं आणि ते वाक्य रंगलेलं असतं. त्या लिंकच्या शेपटीला हेच `:~:` चिकटलेलं असतं.

पानाच्या मध्यावर नेणाऱ्या लिंक काही नव्या नाहीत. हॅशच्या खुणेनंतर एखादं नाव लिहायचं आणि ब्राउझरने त्या नावाच्या जागी जायचं, हा वेबचा जुना रिवाज. अट एकच, की पान बनवणाऱ्याने त्या जागेला आधी नाव दिलेलं असलं पाहिजे. विकिपीडियावर प्रत्येक उपशीर्षकाला असं नाव असतं, म्हणून ‘इतिहास’ या विभागाची वेगळी लिंक देता येते. पण त्या विभागातल्या सातव्या वाक्याला नाव कोण देणार? वाक्यावाक्याला पाटी लावत बसायला कुठल्याच संपादकाला सवड नसते.

टेक्स्ट फ्रॅगमेंटने ही पाटीच काढून टाकली. लिंकमध्ये जागेचं नाव नसतं, तिथले शब्दच असतात. त्यामुळे पानाच्या मालकाला काहीच करावं लागत नाही. त्याला कळतसुद्धा नाही. हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, आणि `:~:` नंतरचा तुकडा पानावरच्या प्रोग्रामपासूनही दडवून ठेवतो. ही विचित्र खूण निवडण्यामागेही व्यवहार होता. अनेक साइट हॅशनंतरचा मजकूर स्वतःच्या कामासाठी वापरतात, त्यांच्या जुन्या लिंक मोडू नयेत म्हणून कोणीच वापरत नसेल अशी अक्षरजुळणी हवी होती.

वरच्या लिंकमधलं `%20` म्हणजे रिकामी जागा. हाताने लिहायची झाली तर आणखी दोन-तीन चिन्हं सांभाळावी लागतात. स्वल्पविराम, आडवी रेघ आणि `&` यांना या लिंकमध्ये स्वतःचा अर्थ आहे, म्हणून मजकुरातच ती असतील तर `%2C`, `%2D` आणि `%26` असं लिहायचं. सर्नच्या त्याच वाक्यात `wide-area` हा शब्द आहे. तो लिंकमध्ये `wide%2Darea` होतो.

स्वल्पविरामाचा अर्थ ‘इथपासून तिथपर्यंत’. शिक्षिकेला दोन शब्दांऐवजी वाक्याचा सगळा शेवट रंगवायचा असेल, तर पूर्ण मजकूर लिंकमध्ये कोंबायची गरज नाही. सुरुवात आणि शेवट सांगितला की मधलं आपोआप येतं:

```
#:~:text=universal%20access,documents
```

आडव्या रेघेचं काम जास्त गमतीचं आहे. त्याच पानावर `Help` हा शब्द यादीत एकदा येतो आणि पुढे ‘मी काय मदत करू शकतो’ या अर्थाच्या `How can I help` मध्ये पुन्हा येतो. नुसतं `text=help` लिहिलं तर ब्राउझर पहिल्यावर थांबतो. लहान-मोठ्या लिपीतला फरक तो मानत नाही, आणि पहिला सापडला की पुढे बघत नाही. दुसरा हवा असेल तर शेजारी सांगावा लागतो:

```
#:~:text=can%20I-,help
```

म्हणजे ‘ज्या `help` च्या आधी `can I` आहे, तो’. रेघ शेवटी असलेला तुकडा फक्त ओळख पटवायला असतो, रंगत नाही. ‘पाटील’ म्हटल्यावर गावात दहा सापडतात, मग ‘विहिरीशेजारचे पाटील’ म्हणावं लागतं, तसंच हे. शेजार मागच्या बाजूचा असेल तर रेघ शब्दाच्या आधी येते.

अर्थात हे सगळं हाताने कोणी लिहीत नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये मजकूर निवडून उजवं बटण दाबलं की `Copy link to highlight` असा पर्याय येतो. मजकूर लांब असला तर सुरुवात-शेवटाची जोडी करणं, तोच शब्द पानात दोनदा असला तर शेजारी शोधून जोडणं, हे ब्राउझर स्वतःच करतो. पण लिंक चालली नाही की तिच्यात डोकावायला ही चिन्हं ओळखीची असलेली बरी.

मराठी मजकुराची लिंक अशी बनवली की पहिला धक्का तिच्या लांबीचा बसतो. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, वेलांटी, उकार, अनुस्वार, सगळं वेगवेगळं, लिंकमध्ये नऊ चिन्हांचं होतं. ‘मुंबई’ या शब्दात अशा पाच खुणा आहेत:

```
#:~:text=%E0%A4%AE%E0%A5%81%E0%A4%82%E0%A4%AC%E0%A4%88
```

पाच नव्वे पंचेचाळीस. दहा शब्दांचं वाक्य असलं तर मोबाइलचा अर्धा पडदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरतो, आणि पाहणाऱ्याला ही काहीतरी फसवणुकीची लिंक असावी असंच वाटतं. `text=` पुढे सरळ ‘मुंबई’ असं देवनागरीत लिहिलं तरी ब्राउझरला ते समजतं.

दुसरी अडचण आपल्या व्याकरणातली आहे. ब्राउझर अर्धा शब्द जुळवत नाही. शब्दाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जुळलं तरच जुळलं. इंग्रजीत याचा त्रास थोडा होतो, कारण तिथली विभक्ती बहुतेक वेळा वेगळ्या शब्दाने दाखवली जाते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. समजा पानावर असं आहे: ‘मुंबईत काल मुसळधार पाऊस झाला. मुंबईच्या उपनगरांत पाणी साचलं. मुंबई आज कोरडी आहे.’ वरची लिंक पहिली दोन वाक्यं ओलांडून तिसऱ्यावर जाऊन थांबेल. ‘मुंबईत’ हा ब्राउझरच्या लेखी निराळाच शब्द. म्हणून मराठी पानाची लिंक हाताने दुरुस्त करताना मूळ रूप मनाने लिहू नये, पानावर जसं छापलं आहे तसंच उचलावं, प्रत्ययासकट.

अर्धा शब्द न जुळवण्याचा नियम मात्र सोयीसाठी केलेला नाही, भीतीपोटी केलेला आहे. 2020 मध्ये ही सोय आली तेव्हा ‘ब्रेव्ह’ या ब्राउझरचे गोपनीयता-संशोधक पीटर स्नायडर यांनी जाहीर टीका केली होती. त्यांची शंका अशी: एखाद्या कंपनीचं कर्मचाऱ्यांसाठी आरोग्याचं पान आहे, आणि कर्मचाऱ्याचं संगणक कुठल्या पत्त्यांची विचारणा करतं एवढं कोणी आडून पाहू शकतो. त्याने कर्मचाऱ्याला त्या पानाची, `cancer` हा शब्द शोधणारी लिंक पाठवली. शब्द सापडला तर पान खाली सरकेल, खालची चित्रं मागवली जातील, आणि त्या मागणीवरून आडून पाहणाऱ्याला कळेल की शब्द तिथे आहे. पान न पाहताच त्यातली गोष्ट कळली.

अर्धे शब्द जुळले असते, तर एखादा गुप्त आकडा किंवा नाव अक्षर-अक्षर वाढवत हुडकता आलं असतं. म्हणून पूर्ण शब्दाची अट. शिवाय माणसाने स्वतः क्लिक केलं तरच शोध होतो आणि एका क्लिकला एकच. एखाद्या साइटने गुपचूप शंभर शब्द तपासून पाहणं शक्य होऊ नये असा हेतू. दुसऱ्या पानात चौकट करून बसवलेल्या पानावरही हे चालत नाही. ज्या साइटला हा प्रकार मुळीच नको असेल, तिचा सर्व्हर `Document-Policy: force-load-at-top` असं सांगू शकतो. मग पान कायम वरूनच उघडतं.

लिंक चालली नाही तर कसं कळतं? खरं तर कळतच नाही. चुकीच्या पत्त्यावर निदान ‘पान सापडलं नाही’ अशी पाटी दिसते. इथे शब्द सापडला नाही तर ब्राउझर गप्प बसतो, पान नेहमीसारखं वरून उघडतो. बातमीतली शुद्धलेखनाची चूक संपादकाने सुधारली, किंवा मजकूर एखाद्या अ‍ॅपमध्ये उघडला, तरी परिणाम हाच. यावर अर्धा उपाय आहे: जुनी नावाची पद्धत आणि नवी शब्दांची पद्धत जोडून लिहायची.

```
#History:~:text=universal%20access
```

शब्द सापडला तर शब्दावर, नाही तर निदान `History` या नावाच्या विभागावर. पानावर त्या नावाची जागा असली पाहिजे, हे ओघानेच आलं.

उलट धोकाही आहे. शब्द सापडतो, पण त्याच्या आजूबाजूचं सुटतं. ‘समितीने प्रस्ताव मंजूर केला नाही’ या वाक्यातले ‘प्रस्ताव मंजूर केला’ एवढेच तीन शब्द रंगवणारी लिंक बनवायला अर्धं मिनिट लागतं, आणि ती मूळ, खऱ्या, अधिकृत पानावरच उघडते. घाईत पाहणाऱ्याची नजर रंगापाशी थांबते. रंग त्या पानाने दिलेला नसतो, लिंक पाठवणाऱ्याने दिलेला असतो. पत्त्याच्या शेवटी `:~:text=` दिसलं की एवढं ओळखता येतं.