अक्षरागणिक उतरणारी वाट

‘कमळ’, ‘कमान’, ‘कमाल’ आणि ‘कमाई’ हे चार शब्द संगणकात साठवायचे आहेत. शोधवृक्षात प्रत्येक नोडवर एक अख्खा शब्द बसतो. त्याच्या आधीचे शब्द डावीकडे, नंतरचे उजवीकडे. वृक्ष समतोल असेल तर लाखभर शब्दांतून हवा तो गाठायला फार तर सतरा-अठरा तुलना लागतात. हे थोडं वाटतं खरं, पण प्रत्येक तुलना पहिल्या अक्षरापासून सुरू होते. ‘कमाल’च्या जवळ जावं तसे ‘कमा’नेच सुरू होणारे शब्द भेटतात आणि तेच क, म, काना पुन्हा पुन्हा वाचावे लागतात.

हे वाया जाणारं वाचन ‘ट्राय’ वाचवते. एडवर्ड फ्रेडकिन यांनी 1960 मध्ये ‘रिट्रीव्हल’ या इंग्रजी शब्दातून हे नाव काढलं. इथे नोडवर शब्द नसतोच. मुळापासून खाली उतरणारी वाट हाच शब्द. ‘कमळ’ घालताना मुळाखाली क, त्याखाली म, त्याखाली ळ असे नोड तयार होतात आणि ळवर ‘शब्द इथे संपला’ अशी खूण होते. संगणक काना वेगळं चिन्ह मानतो, म्हणून ‘कमान’साठी क आणि म तयारच मिळतात, नवे लागतात ते फक्त काना आणि न. ‘कमाल’ला एकटा ल पुरतो, ‘कमाई’ला ई. पंधरा चिन्हांचे चार शब्द मूळ सोडून सात नोडांत मावले.

शोधही याच वाटेने. ‘कमाल’साठी चार पावलं, मग साठ्यात चार शब्द असोत की चार लाख. ‘कमीज’ शोधलं तर मखाली वेलांटीची फांदीच नाही, तिथेच शोध थांबतो. ‘कमा’ची वाट मात्र शेवटपर्यंत सापडते, पण तिथे खूण नाही, म्हणजे हा साठवलेला शब्द नव्हे. नवशिक्यांची चूक नेमकी इथे होते: वाट संपली की शब्द मिळाला असं ते धरून चालतात. शब्दांचे तुकडेही ‘सापडले’ असं उत्तर येऊ लागलं की खूण तपासायची राहिली, हे ओळखावं.

याची किंमत जागेत मोजावी लागते. युनिकोडमध्ये देवनागरीला 128 जागा आहेत. प्रत्येक नोडवर तेवढे आठ-आठ बाइटचे पत्ते राखून ठेवले, तर एक नोड 1,024 बाइट खातो आणि आपल्या नवर, लवर ते सगळे रिकामेच राहतात. म्हणून असलेल्या फांद्यांचीच छोटी यादी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पावलागणिक थोडा शोध वाढतो, जागा मात्र खूप वाचते. शब्द थोडे असतील आणि त्यांची सुरुवात एकमेकांशी जुळत नसेल, तर मी शोधवृक्षच निवडेन.

पण ‘कमा’ने सुरू होणारे सगळे शब्द हवे असतील, तर ट्रायमध्ये तीन पावलं उतरायचं आणि त्या कान्याखालच्या फांद्या फिरून यायचं.