पित्ताच्या नावाखाली कॉफीवर आळ

गेल्या वर्षी 47 वर्षांच्या एक शिक्षिका रिपोर्टांची फाइल घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. सोनोग्राफीत पित्ताशयात 9 मिलिमीटरचा एक खडा आणि लिव्हरवर थोडी चरबी दिसली होती. एसजीपीटी 58 होतं, म्हणजे लॅबच्या 40 या मर्यादेच्या थोडं वर. त्यांच्या जाऊबाईंनी फाइल पाहताच निकाल देऊन टाकला, "कॉफी पित्त करते, आधी ती बंद कर." बाईंनी दिवसाच्या तीन कप कॉफीला रामराम ठोकला आणि लिव्हर साफ व्हावं म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. दोन महिन्यांनी एसजीपीटी 146 निघालं, आणि त्या घाबरून गेल्या.

या गोंधळाचं मूळ 'पित्त' या शब्दात आहे. आंबट ढेकर आली, छातीत जळजळलं तर आपण पित्त झालं म्हणतो. अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच उठतं. लिव्हर जो हिरवट-पिवळा रस तयार करतं, त्यालाही आपण पित्तच म्हणतो. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. जळजळ होते ती जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत आल्यामुळे. रिकाम्या पोटी कॉफी घेतल्यावर काहींना तसा त्रास होतो हे खरं, आणि ज्यांना होतो त्यांनी ती टाळावी. पण त्या आम्लापासून पित्ताशयात खडे होत नाहीत आणि लिव्हरलाही इजा पोहोचत नाही.

खडा तयार होतो तो वेगळ्याच कारणानं. पित्तरसात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं. ते जास्त झालं आणि पित्ताशय सुस्तावलं, वेळच्या वेळी रिकामं झालं नाही, की त्याचे कण तळाशी साचून घट्ट होत जातात. कॉफी प्यायल्यावर आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि पित्ताशय आकुंचन पावून रस बाहेर टाकतं. म्हणजे साचू देण्याऐवजी ती रस हलता ठेवते. अमेरिकेत 46,000 पुरुषांवर 10 वर्षं लक्ष ठेवून 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये खड्यांचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. कॅफिन काढलेल्या कॉफीत मात्र हा फरक दिसला नाही.

पण इथे एक मेख आहे, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. खडा होण्याआधीची गोष्ट वेगळी आणि झाल्यानंतरची वेगळी. कॉफीनं खडा विरघळत नाही. उलट आधीच खडा असेल, तर पित्ताशय आवळलं जाताना तो तोंडाशी अडकून कळ येऊ शकते. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखणं, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे सरकणारी कळ, अर्धा तास ते काही तास टिकणारी, बहुधा तेलकट जेवणानंतर आलेली, ही तिची ओळख. कॉफीनंतर अशी कळ येत असेल तर कॉफी थांबवून सर्जनला भेटावं. सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

आता एसजीपीटीकडे वळू. हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींच्या आत काम करतं. पेशी दुखावल्या की ते रक्तात सांडतं, म्हणून त्याचा आकडा वाढला की पेशींना काहीतरी इजा होतेय असं समजायचं. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये ही एन्झाइम सरासरीनं कमीच आढळतात. कॅलिफोर्नियातल्या सव्वा लाख लोकांच्या नोंदींवरून 2006 मध्ये आलेल्या अभ्यासात दारू पिणाऱ्यांमध्येसुद्धा कॉफी जितकी जास्त, तितका सिरोसिस कमी दिसला. ब्रिटनमध्ये जवळपास पाच लाख लोकांवर सरासरी पावणेअकरा वर्षं नजर ठेवली गेली. तिथे कॉफी पिणाऱ्यांना लिव्हरचा जुनाट आजार होण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी आणि त्या आजारानं मृत्यूचं प्रमाण 49 टक्क्यांनी कमी होतं. सर्वाधिक फायदा तीन-चार कपांपर्यंत दिसला. इन्स्टंट आणि कॅफिनविरहित कॉफीतही थोडाफार फायदा दिसला, त्यामुळे हे श्रेय एकट्या कॅफिनचं नाही. लिव्हरमध्ये व्रण पडायला कारणीभूत असलेल्या पेशींना कॅफिन लगाम घालतं हे प्रयोगशाळेत दिसलंय, पण कॉफीच्या बीमध्ये इतरही पुष्कळ द्रव्यं आहेत.

हे सगळे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. लोकांना वर्षानुवर्षं कॉफी पाजून आणि न पाजून कोणी सिरोसिस मोजलेला नाही. ज्यांना आधीच बरं वाटत नाही, ते कॉफी सोडतात आणि मग न पिणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात, त्यामुळेही आकडे थोडे फुगू शकतात. तरीही वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या आजारांत एकाच दिशेचा निष्कर्ष निघत असल्यानं मी तो गंभीरपणे घेतो.

कॉफीनं एन्झाइम वाढल्याचं उदाहरणही आहे, आणि ते दडवून ठेवायचं कारण नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या प्रयोगात 46 लोकांना 24 आठवडे रोज पाच-सहा कप कडक कॉफी दिली. एका गटाला फ्रेंच प्रेसची, दुसऱ्याला कागदी फिल्टरमधून गाळलेली. पहिल्या गटात कोलेस्टेरॉल वाढलं आणि एसजीपीटीही वाढलं, कॉफी थांबवल्यावर ते खाली आलं. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं. कागद ते धरून ठेवतो, जाळी सोडून देते. आपल्या घरांतल्या इन्स्टंट पावडरीत ते नावापुरतंच असतं. दक्षिणी पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला कागद नसतो, पण डिकॉक्शन थोडंच घेऊन त्यात दूध घालायची पद्धत असल्यानं एका कपात फारसं जात नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर मी कागदातून गाळायला सांगतो.

आपल्या कपाची खरी अडचण साखरेची आहे. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, तीन कपांत 30. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला ती साखर, सोबतची बिस्किटं आणि वाढतं वजन अधिक महागात पडतं.

बाईंचं एसजीपीटी 146 झालं तेव्हा त्या कॉफी पीतच नव्हत्या. मी त्यांना काढा बंद करायला सांगितला. मुंबईत 2020 च्या अखेरीस चार महिन्यांत गुळवेल घेणारे सहा रुग्ण लिव्हर बिघडून आले होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, वापरलेली वनस्पती नीट ओळखली गेली होती का, असा त्यांचा प्रश्न होता. बाईंच्या हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पाच आठवड्यांनी आकडा 61 वर उतरला, म्हणजे चरबीमुळे होता तिथेच परत आला.

आता त्या रोज दोन कप कॉफी घेतात, बिनसाखरेची. संध्याकाळी पाचनंतर नाही, कारण झोप उडते. वजन चार किलो उतरलं आहे, एसजीपीटी 44 आहे. खडा आहे तसाच आहे, कळ आलेली नाही, आणि त्याचं काय करायचं यासाठी सर्जनची तारीख घेतली आहे.